ln c पण वाकतो, 1/c पण वाकतो: कोटी कशी ठरवायची आणि अर्धायु कोणता धरायचा?

मोजपट्टी
क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडची अभिक्रिया. जांभळा रंग हळूहळू उडतो, तो 590 नॅनोमीटरवर मोजला. मिसळल्यावर हायड्रॉक्साइड 0.010 मोलर. अ‍ॅब्सॉर्बन्सला 0.087 ने भागून रंगाची संहती मायक्रोमोलरमध्ये काढली आहे. वेळ मिनिटांत:

```
t :   0     4     8     12    16    20    24    28
c : 10.80  6.98  4.65  3.16  2.28  1.70  1.37  1.14
```

c विरुद्ध t हा आलेख उघडच वक्र आहे, म्हणजे शून्य कोटी नाही. ln c विरुद्ध t काढला तर R² येतो 0.981. 1/c विरुद्ध t काढला तर 0.976. पुस्तकात एक आलेख सरळ येतो आणि दुसरा वाकतो, इथे दोन्ही वाकताहेत आणि दोघांचे R² जवळजवळ सारखे. पहिली कोटी म्हणू की दुसरी? आणि अर्धायु कुठल्या सूत्राने काढू?

वर्गपाठ
ln चा R² जास्त आहे ना, मग पहिली कोटी. ln च्या रेषेचा उतार घ्या, 0.693 ला त्याने भागा, झालं. नाहीतर सूत्राचीही गरज नाही: 10.80 चे 5.40 कधी झाले ते आलेखावर बघा. साधारण साडेसहा मिनिटं दिसतात. तोच अर्धायु.

घनमूळ
इतकी घाई नको. 0.981 आणि 0.976 यांत निवड करायला मुळात आधार काय? कोटी पूर्णांकच असली पाहिजे असा नियम नाही. 1/√c काढून बघितलं, R² आला 0.998. म्हणजे कोटी दीड. दीड कोटीच्या अभिक्रिया खऱ्याच असतात, अ‍ॅसिटाल्डिहाइडचं वायुरूपात विघटन हे नेहमीचं उदाहरण. ln खाली वाकत नाही आणि 1/c नीट बसत नाही, म्हणजे उत्तर मध्ये कुठेतरी आहे हे तर्कालाही धरून आहे.

मोजपट्टी
0.998 बघून मलाही तेच वाटायला लागलं. पण दीड कोटीचा अर्धायु कसा काढतात?

काचपात्र
अर्धायुचं सूत्र जरा बाजूला ठेवू. आधी दीड कोटी खरी आहे का ते तपासू, आणि त्यासाठी R² कडे बघणं सोडू. वाकलेल्या रेषेलाही 0.98 सहज मिळतो. शिवाय ln c, 1/c आणि 1/√c हे तीन वेगवेगळे अक्ष आहेत. त्यांच्यावरच्या R² ची आपसात तुलना करून निवाडा होत नाही.

तुमच्या नोंदी दर चार मिनिटांनी आहेत, ही मोठी सोय आहे. वेळेचं अंतर सारखं असेल तर सरळ रेषेत प्रत्येक टप्प्याला सारखाच फरक पडायला हवा. फक्त वजाबाक्या करा.

ln c मधली घट: 0.44, 0.41, 0.39, 0.33, 0.29, 0.22, 0.18. सतत कमी होत जाते.

1/c मधली वाढ: 0.051, 0.072, 0.101, 0.122, 0.150, 0.142, 0.147. सुरुवातीला जवळजवळ तिप्पट होते, मग अडकते.

1/√c मधली वाढ: 0.074, 0.085, 0.099, 0.100, 0.105, 0.087, 0.082. आधी चढते, मग उतरते.

तिसऱ्या ओळीतला हा उंचवटा म्हणजे मोजणीतला खडखडाट नव्हे. खडखडाट असता तर आकडे वरखाली झाले असते, असे शिस्तीत चढून शिस्तीत उतरले नसते. 0.998 च्या आड एक वळण लपलं आहे.

घनमूळ, आता तुमची दीड कोटी दुसऱ्या बाजूने तपासून बघा. लागोपाठचे अर्धायु काढा. 10.80 चे 5.40 व्हायला 6.5 मिनिटं लागली. तिथून 2.70 व्हायला 7.4. तिथून 1.35 व्हायला 10.4. कोटी n असेल तर प्रत्येक पुढचा अर्धायु मागच्याच्या 2 चा (n−1) वा घात इतक्या पटीने वाढतो, आणि ही पट दर वेळी तीच राहते. पहिल्या कोटीत 1, दुसऱ्या कोटीत 2, दीड कोटीत 1.41. इथे पहिली पट 1.14 आणि दुसरी 1.41. म्हणजे अभिक्रिया सुरुवातीला जवळजवळ पहिल्या कोटीची आणि शेवटी दीड कोटीची. जेमतेम अर्धा तास चाललेल्या, एकाच पायरीच्या साध्या अभिक्रियेची कोटी मध्येच अशी सरकते, तेव्हा मी अभिक्रियेवर संशय घेत नाही, मोजणीवर घेतो.

मोजपट्टी, दोन गोष्टी सांगा. एक, मिसळल्यावर रंगाची संहती हिशोबाने किती व्हायला हवी होती? दोन, रंग पूर्ण उडाल्यावर शेवटचं वाचन घेतलंय का?

सायली_प
हे वाचून माझ्या आकड्यांबद्दल शंका आली. माझ्याकडे एका डायमर होणाऱ्या पदार्थाच्या नोंदी आहेत, 2A → A₂. सुरुवात 0.40 मोल प्रति लिटर. लागोपाठचे अर्धायु 20, 41 आणि 79 मिनिटं. तेही वाढताहेत. म्हणजे माझीही मोजणी बिघडली आहे का?

काचपात्र
नाही. तुमची पट बघा: 41 भागिले 20 म्हणजे 2.05, 79 भागिले 41 म्हणजे 1.93. दोन्ही वेळा दोनच्या आसपास, आणि एकाच दिशेने सरकत नाही. ही सरळ दुसरी कोटी आहे. अर्धायु वाढणं हा दोष नाही, वाढीची पट बदलत जाणं हा दोष आहे.

तुमच्या बाबतीत एकच जपा. 1/c च्या रेषेचा उतार 1/(0.40 × 20), म्हणजे 0.125 लिटर प्रति मोल प्रति मिनिट. त्याला k म्हणायचं की 2k, हे वेग कसा लिहिला यावर ठरतं. 2A → A₂ मध्ये वेग −½ d[A]/dt असा धरला तर k 0.0625 होतो. कोष्टकातल्या k शी तुलना करताना इथेच दुपटीची चूक होते. अर्धायुला त्याने फरक पडत नाही, तो 1 भागिले (उतार गुणिले सुरुवातीची संहती) इतकाच. मात्र दुसऱ्या कोटीत अर्धायु सांगताना सुरुवातीची संहती सोबत लिहायलाच हवी. नुसतं 20 मिनिटं म्हटलं तर ते कशाचे, हे कळत नाही.

मोजपट्टी
1) हिशोबाने: 102 मायक्रोमोलरचं 1.0 मिली द्रावण एकूण 10 मिलीमध्ये, म्हणजे 10.2. पहिलं वाचन मिसळल्यावर साधारण 10 सेकंदांनी घेतलं, त्यालाच t = 0 म्हटलं आहे.
2) शेवटचं वाचन घेतलं नाही. 28 मिनिटांनी डोळ्याला रंग दिसेनासा झाला म्हणून थांबवलं.

काचपात्र
मग उत्तर तुमच्या पहिल्याच आकड्यात आहे. घातले 10.2, दहा सेकंदांत थोडा उडालाही असेल, आणि यंत्र दाखवतंय 10.80. घातल्यापेक्षा जास्त रंग आला कुठून?

क्रिस्टल व्हायोलेट क्युव्हेटच्या भिंतीला चिकटतो, प्लॅस्टिकच्या क्युव्हेटला तर फारच. आधीच्या फेरीचा फिका थर राहिला असेल आणि ब्लँक दुसऱ्या, स्वच्छ क्युव्हेटमध्ये घेतला असेल, तर प्रत्येक वाचनात एक ठरावीक रक्कम फुकट मिळते. 10 मध्ये 0.6 किंवा 0.8 ची भर पडली तर कळतही नाही. शेवटच्या 1.14 मध्ये तीच भर पडली तर तो आकडा बहुतांशी डागाचाच असतो. म्हणून ln ची रेषा सुरुवातीला बरी आणि शेवटी आडवी होत जाते. आणि आडवं होत जाणारं ln हे दिसायला वरच्या कोटीसारखंच दिसतं. घनमूळ यांची फसगत इथे झाली. गणित त्यांचं बरोबर होतं.

त्याच क्युव्हेटमध्ये तेच मिश्रण निदान दहा अर्धायु होईपर्यंत ठेवा, तासभर पुरेल, आणि वाचन घ्या.

घनमूळ
मान्य, 1.14 आणि 1.41 या पटींचं माझ्याकडे उत्तर नाही. पण एक विचारतो. शेवटचं वाचन वजा करून रेषा सरळ करणं म्हणजे उत्तर हवं तसं वळवणं नाही का? कुठल्याही वक्रातून योग्य आकडा वजा केला की ln सरळ येईलच की.

तळटीप
प्रश्न रास्त आहे, म्हणूनच वजा करायचा आकडा मोजून आणायचा असतो, रेषा सरळ होईपर्यंत फिरवायचा नसतो. आणि शेवटचं वाचन नसलं तरी एक वाट आहे. गुगेनहाइमने 1926 मध्ये सुचवलेली. प्रत्येक वाचनातून ठरावीक वेळेनंतरचं वाचन वजा करा. डाग दोन्हीत आहे, तो आपोआप जातो, आणि तो किती होता हे माहीत असायची गरजच उरत नाही.

इथे 16 मिनिटांचं अंतर घेतलं:
10.80 − 2.28 = 8.52
6.98 − 1.70 = 5.28
4.65 − 1.37 = 3.28
3.16 − 1.14 = 2.02

यांचे ln: 2.142, 1.664, 1.188, 0.703. टप्प्याची घट 0.478, 0.476, 0.485. रेषेचा उतार 0.120 प्रति मिनिट, अर्धायु 5.8 मिनिटं. कुठलाही आकडा फिरवलेला नाही, आणि पहिली कोटी धडधडीत समोर आहे.

अंतर मात्र मोठं घ्यायचं, निदान दोन-तीन अर्धायुंचं. चार मिनिटांचं घेतलं असतं तर जवळजवळ सारखे आकडे एकमेकांतून वजा झाले असते आणि फरकात नुसता खडखडाट उरला असता. आणि अभिक्रिया पहिल्या कोटीची नसेल तर ही पद्धत लागू नाही. तसं असतं तर घटीचे आकडे इथेही सरकत गेले असते.

वर्गपाठ
म्हणजे मी सांगितलेली साडेसहा मिनिटं चूक? आलेखावर तर सरळ दिसतंय की अर्धं व्हायला तेवढाच वेळ लागला.

तळटीप
वाचन अर्धं व्हायला तेवढा वेळ लागला. रंगाची संहती 10 ची 5 व्हायला हवी, तेव्हा वाचन दाखवणार 5.8 च्या आसपास. तुम्ही 5.4 पर्यंत वाट बघितली. डाग अर्धा होत नाही, म्हणून तुमचा अर्धायु दर वेळी लांबतो, आणि वाचन डागाच्या खाली कधीच जात नसल्याने एका टप्प्यानंतर पुढचा अर्धायु येतच नाही.

मोजपट्टी
पुन्हा सगळं केलं, तेच डागाळलेलं क्युव्हेट, त्याच प्रमाणात. आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत जवळपास तेच. 60 मिनिटांनी वाचन 0.070, म्हणजे 0.80 मायक्रोमोलर. 75 मिनिटांनीही तेवढंच. वर दिलेल्या आकड्यांतून ते वजा केलं:

```
c : 10.00  6.18  3.85  2.36  1.48  0.90  0.57  0.34
```

ln मधली घट आता 0.48, 0.47, 0.49, 0.47, 0.50, 0.46, 0.52. सरकत नाही! उतार 0.1203 प्रति मिनिट, R² 0.9999. अर्धायु 0.6931 / 0.1203 = 5.76 मिनिटं. 10.2 चे दहा सेकंदांत 10.0 होतात हाही हिशोब जुळतो. आणि हो, ब्लँक वेगळ्या क्युव्हेटमध्ये घेतला होता.

काचपात्र
छान. शेवटच्या दोन घटी, 0.46 आणि 0.52, जरा हलल्या आहेत ते योग्यच आहे. 0.34 मध्ये 0.02 ची चूक म्हणजे सहा टक्के, आणि ln मध्ये ती पूर्ण उतरते. वजाबाकीनंतर शेपटाकडचे आकडे नेहमी कमी भरवशाचे. रेषा बसवताना त्यांना पहिल्या आकड्यांइतकं वजन देऊ नका, किंवा सरळ c = a·exp(−kt) + b हा वक्र मूळ आकड्यांवर बसवा, b त्यातच निघतो. पण नोंदी एकाच अर्धायुपर्यंत असतील तर हे करू नका. तेवढ्याशा तुकड्यात k आणि b एकमेकांची जागा घेतात आणि काहीही उत्तर येतं.

क्युव्हेट इथेनॉलने पुसून, पाण्याने धुऊन घ्या, आणि ब्लँक त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच हायड्रॉक्साइडने.

सायली_प
एक कळलं नाही. अभिक्रियेत रंग आणि हायड्रॉक्साइड दोघंही खर्च होतात. मग ही दुसऱ्या कोटीची नको का? पहिली कशी?

काचपात्र
0.010 मोलर म्हणजे 10,000 मायक्रोमोलर, रंग 10. सगळा रंग संपला तरी हायड्रॉक्साइड एक दशांश टक्काच घटतं. त्याची संहती हलतच नाही, म्हणून ती k मध्ये मुरून जाते. आपण जी पहिली कोटी बघितली ती फक्त रंगाच्या बाबतीतली. त्यामुळे 5.76 मिनिटं हा आकडा 0.010 मोलरपुरताच आहे. हायड्रॉक्साइडची कोटी किती, याबद्दल या फेरीने काहीच सांगितलेलं नाही.

मोजपट्टी
0.020 मोलरची फेरी घेतली, धुतलेलं क्युव्हेट, शेवटचं वाचन 0.002. अर्धायु 3.10 मिनिटं. पहिली कोटी असती तर 2.88 यायला हवा होता ना?

घनमूळ
5.76 / 3.10 म्हणजे 1.858. log 1.858 / log 2 = 0.89. या वेळी दीडसारखं काही घोषित करत नाही, पण 0.89 कशामुळे? हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कमी झालं असेल?

काचपात्र
तेही शक्य आहे, प्रमाणित करून बघायला हवं. पण आधी आयनिक तीव्रता बघा. रंग धन आयन, हायड्रॉक्साइड ऋण. विरुद्ध भारांच्या आयनांची अभिक्रिया द्रावणातले आयन वाढले की मंदावते. हायड्रॉक्साइड दुप्पट करताना तुम्ही नकळत आयनही दुप्पट केले. डिबाय-ह्यूकेलच्या समीकरणाने 0.010 वरून 0.020 ला जाताना k साधारण सात टक्के घटतो. मग दोनच्या ऐवजी 1.85 पट यायला हवी. तुमची 1.858.

इतकं जुळलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. तापमान एका अंशाने हललं तरी k मध्ये साधारण तितकाच फरक पडू शकतो. 0.010 ची फेरी पुन्हा घ्या, त्यात 0.010 मोलर सोडियम क्लोराइड घालून, म्हणजे दोन्ही फेऱ्यांत आयन सारखे. माझा अंदाज बरोबर असेल तर अर्धायु 6.2 मिनिटांच्या आसपास येईल.

मोजपट्टी
घेतली. 6.0 मिनिटं आला.

घनमूळ
मग पट 1.935 आणि कोटी 0.95. दिशा तीच, पण पूर्ण एक नाही.

तळटीप
दोन्ही फेऱ्यांचं तापमान लिहून ठेवलं होतं का? क्युव्हेट ठेवायच्या खोबणीत पाणी फिरत नसेल तर दिव्यामुळे ती तापते, दुसरी फेरी पहिलीपेक्षा गरम असते.

मोजपट्टी
खोलीचं लिहिलं आहे, 25. खोबणीचं नाही. उद्या दोन्ही फेऱ्या एकामागून एक, उलट क्रमाने घेते आणि तापमापी क्युव्हेटमध्येच बुडवून बघते. हायड्रॉक्साइडही त्याच दिवशी प्रमाणित करते. आकडे इथेच टाकेन.